सतरंजीएवढं सहा गिगाहर्ट्झ

आमच्याकडे कुणी पाहुणे आले आणि हॉलमधल्या शोकेसवरच्या काळ्या राउटरकडे त्यांची नजर गेली, की माझा मुलगा एक गोष्ट सांगायला बसतो. बाबांनी त्यांच्या नोकरीतलं जुनं ज्ञान कसं बाहेर काढलं, घरात सहा गिगाहर्ट्झ कसं बसवलं, आणि त्यामुळे त्याच्या बायकोला इंदूरमधलं पहिलं मोठं काम कसं मिळालं. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी चहाचा कप उचलतो. ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत तर मला या विषयावर बोलायला उभंही केलं होतं, आणि मी बोललो. टाळ्या पडल्या. त्या रात्रीपासून मनाला जे टोचायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. खरं मी एकदाच सांगितलं, तेही नाइलाजाने, आणि ऐकणारे चारच जण होते. आता सगळ्यांसाठी लिहून टाकतो.

मी टेलिफोन खात्यात होतो. इंजिनिअर. माझी बरीच नोकरी मायक्रोवेव्हच्या टॉवरांवर गेली. तेव्हा लांबचे ट्रंक कॉल तारेतून कमी आणि हवेतून जास्त जायचे. टेकडीवर टॉवर, टॉवरवर माणसाहून मोठी तबकडी, आणि तिच्यासमोर तीस-चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या टेकडीवर तशीच दुसरी तबकडी. त्यातल्या कित्येक लिंका सहा गिगाहर्ट्झच्या आसपास चालायच्या. हा आकडा माझ्या रक्तातच होता म्हणा ना.

लालबागच्या मागच्या बाजूला आमचं घर. मी नोकरीत असतानाच बांधलेलं, दोन मजली, जाड विटांच्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात. सून पुण्याची. ती घरांच्या आतली रचना करते, म्हणजे स्वयंपाकघर कसं असावं, ओटा किती उंच, खिडकी कुठे. पुण्यात एका मोठ्या ऑफिसात होती. लग्नानंतर इथे आली आणि म्हणाली, आता स्वतःचं काम करीन. वर्ष होत आलं तरी छोटीच कामं येत होती. एकाचं कपाट, दुसऱ्याचा टीव्हीचा कट्टा.

मग मल्हारगंजातलं एक घराणं आलं. नमकीनचा पिढीजात धंदा, बायपासच्या बाजूला नवं घर बांधायला काढलेलं. खांब आणि स्लॅब झालेले, विटकाम चाललेलं. आतलं सगळं काम कुणाला द्यायचं ते ठरायचं होतं. त्या घरचा मुलगा पंचेचाळिशीचा, हसरा, पण निर्णय त्याच्या आईचा. सगळे तिला माँजी म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. माँजींना नकाशे कळत नसत. "कागज पे तो सबका घर अच्छा लगता है," त्या म्हणाल्या.

म्हणून सुनेने त्यांना तो चष्मा लावायचं ठरवलं. चष्मा कसला, डोळे झाकून टाकणारा हेडसेटच तो. घातला की न बांधलेलं घर तुमच्याभोवती उभं राहतं. मान वळवाल तशी खिडकी वळते, वाकाल तर ओट्याखालचा कप्पा दिसतो. चित्र तयार होतं सुनेच्या दणकट कॉम्प्युटरवर आणि तिथून ते वाय-फायने हेडसेटमध्ये येतं.

पहिल्या वेळी ते चित्र तुटलं. माँजी ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी मान वळवली, आणि घर मागे राहून गेलं. मग एकदम धक्का देऊन आलं. माँजी मटकन सोफ्यावर बसल्या. "अरे राम, मेरे को तो चक्कर आ गए. ये मकान है कि झूला?" त्यांच्या मुलाने पाणी मागितलं आणि जाताना सुनेला सांगितलं, "बेटा, एक और डिज़ाइनर को भी देख रहे हैं. इतवार को एक बार फिर आ जाएँगे, माँजी मान गई तो."

ते गेल्यावर सून जिन्यावर बसून राहिली. सौ. म्हणाली, "अगं, नेटचा प्लान वाढवून घे नं. दुप्पट वाला."

"आई, नेटचा काही संबंध नाही यात," सून म्हणाली. "चित्र बाहेरून येत नाहीये. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून खाली येतंय, घरातल्या घरात. नेट बंद असलं तरी चाललं पाहिजे. अडचण हवेत आहे."

आणि तिने फोनवर दाखवलं. आमच्या शेजारी जी उंच बिल्डिंग झाली आहे, तिच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये वाय-फाय. सगळे त्याच दोन बँडांवर. जुना अडीच गिगाहर्ट्झच्या खालचा आणि त्यानंतरचा पाचचा. यादी खाली सरकवत जावी तर संपेचना. एकाच खोलीत बारसं, साखरपुडा आणि सोसायटीची मीटिंग एकदम चालली असावी, तसं.

"यातून वाट काढायची तर एकच उपाय," ती म्हणाली. "सरकारने यंदा सहा गिगाहर्ट्झचा खालचा भाग वाय-फायला मोकळा केलाय. लायसन्स लागत नाही. तिथे अजून कुणीच नाही. माझा हेडसेट तो बँड घेतो. राउटर तेवढा नवा लागेल."

सहा गिगाहर्ट्झ! मी खुर्चीतून उठलोच. निवृत्त झाल्यापासून घरात कुणी माझ्या ओळखीचा शब्द उच्चारला नव्हता. केव्हा एकदा राउटर आणतो असं मला झालं. दुसऱ्याच दिवशी मी सुनेबरोबर दुकानात गेलो, तिने सांगितलेलंच मॉडेल घेतलं, आणि रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन बसलो.

आता खरी गोष्ट सुरू होते.

सून म्हणाली, "बाबा, हॉलमध्येच लावूया. माँजी तिथेच असणार. सहाचं सिग्नल भिंतीतून फारसं जात नाही म्हणतात."

मी हसलो. लहान मुलाने आकाशात तारे किती आहेत विचारल्यावर हसावं तसा. "अगं, हा बँड मी डोंगरावरून डोंगरावर नेलाय. तू मला भिंत सांगतेस?"

"पण बाबा..."

"जिन्याच्या मधल्या चौकात लावू. घराच्या बरोबर मध्यावर. वरही जाईल, खालीही जाईल. आणि पुढेमागे गच्चीवर एक अँटेना उभी केली की अंगणातसुद्धा."

"गच्चीवर नाही चालत बाबा. ही परवानगी कमी ताकदीची आहे आणि घराच्या आत वापरायची."

"बरं, गच्ची राहू दे," मी उदार होऊन म्हणालो.

मी घरातला मोठा माणूस आणि विषय माझा. तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "भिया, इथे छेद कर," असं म्हणत जिन्याच्या चौकात ड्रिल मारून घेतलं. हॉलपर्यंत जाणारी जुनी केबल होती, ती वरच कापून चौकात वळवली. सून दारात उभी राहून बघत होती. ती केबल कापू नका, असं ती म्हणाली होती. तेही मी ऐकलं नव्हतं.

राउटर सुरू झाला. आणि सहाचं नावच नाही! जुने दोन बँड दिसले, तिसरा नाही. सुनेने राउटरचं पान उघडलं, देश भारत आहे ना ते बघितलं, मग म्हणाली, "हां, पासवर्डची जुनी पद्धत लावलेली आहे, प्रिंटरसाठी. सहाच्या बँडवर जुनी चालत नाही, नवी सुरक्षा लागतेच." तिने सहासाठी वेगळं नाव दिलं, नवी सुरक्षा लावली, हेडसेट पुन्हा सुरू केला. आणि यादीत ते आलं! एकटं. त्याच्या आजूबाजूला बिल्डिंगमधलं एकही नाव नाही. टेकडीवर पहाटे पोचल्यावर रिसीव्हरमध्ये जी शांतता ऐकू यायची, तिची आठवण झाली.

चौकातच उभं राहून तिने हेडसेट मला घातला. मी माँजींच्या स्वयंपाकघरात होतो. मान गर्रकन वळवली, घर माझ्याबरोबर वळलं. पुन्हा वळवली. कुठे हिसका नाही, कुठे पुसट नाही. डब्यांवरची लेबलं वाचता येत होती. मी ओरडलो, "अगं, इकडे ये, बघ!" सौ. खालून म्हणाली, "मी पन्ह्याला कैऱ्या उकडतेय, तुम्ही बघा तुमचं." कारण त्याच रविवारी संध्याकाळी तिचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

मुलगा कारखान्यातून आला तेव्हा त्याने एवढंच पाहिलं. चौकातला राउटर, माझ्या डोळ्यांवरचा हेडसेट आणि माझा आनंद. "यार बाबा, तुम्ही तर हिरो निघालात," तो म्हणाला. त्याची गोष्ट तिथेच तयार झाली. नंतर तो दोन दिवस शिफ्टला गेला आणि पुढचं त्याने पाहिलंच नाही.

शनिवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये पाहायला घेतलं. सून हेडसेट घालून जिना उतरायला लागली. चार पायऱ्या ठीक. वळणावर चित्र मऊ झालं. हॉलच्या दारात आली आणि म्हणाली, "गेलं."

"गेलं म्हणजे?"

"सहा सुटलं बाबा. पाचवर उडी मारली. पुन्हा झुला."

राउटर खराब आहे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुकानदाराला फोन लावला आणि नको ते बोललो. नकली माल, म्हाताऱ्या माणसाला फसवता, वगैरे. बिचाऱ्याने दुपारी दुसरा राउटर पाठवून दिला. तो लावला. चौकात राजा, हॉलमध्ये भिकारी. अगदी तसाच. दुकानदाराची माफी मी नंतर मागितली, पण आठवडा लागला.

दुपार कलली होती. हॉलच्या कोपऱ्यात सौ.ने गौरीची आरास मांडायला घेतली होती. स्टीलचे डबे पायऱ्यांसारखे रचून त्यावर तिची जरीची साडी पसरलेली. मी सोफ्यावर डोकं धरून बसलो. उद्या माँजी येणार, आणि हॉलमध्ये हवा तीच जुनी, गजबजलेली.

सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिचा फोन होता. "बाबा, हा पण सहा घेतो. यात ताकदीचा आकडा दिसतो, डीबीएममध्ये. तुम्ही आकडे वाचा, मी राउटर हलवते. चला."

डीबीएम! त्या एका शब्दाने तिने मला उभं केलं. ती लांब केबल जोडून राउटर हातात घेऊन फिरायला लागली आणि मी फोन घेऊन. "उणे चाळीस," मी चौकातून ओरडलो. उण्याचा आकडा जेवढा मोठा, तेवढं सिग्नल अशक्त. लाकडी दार लावून पाहिलं. "थोडंसंच पडलं!" जेवणाच्या खोलीची एक भिंत मध्ये घेतली. "उणे पासष्ट... सत्तर. जिवंत आहे!" स्लॅबच्या खाली गेलो. आकडा ऐंशीच्या पलीकडे गेला आणि नावच यादीतून गळून पडलं. मग पाचच्या बँडवर तेच केलं. तोही पडत होता, पण सहाच्या मानाने भिंतीपलीकडे जरा जास्त तग धरून होता. मी फोनच्या आणि राउटरच्या मध्ये आमचा पत्र्याचा कूलर येऊ दिला, वाळ्याच्या ताट्या पाण्याने निथळत होत्या. आकडा धाडकन खाली!

"अरे वा!" मी म्हणालो. हरत होतो आणि तरी मला मजा येत होती. घरभर आम्ही दोघं आरोळ्या देत फिरत होतो आणि सौ. मधूनमधून, "माझ्या गौरीला धक्का लावू नका हो!"

कूलरपाशी उभा असतानाच मला एक झाड आठवलं. एका लिंकचं सिग्नल दर पावसाळ्यानंतर ढासळायचं. आम्ही तबकड्या तपासल्या, रिसीव्हर बदलला, काही उपयोग नाही. शेवटी दुर्बीण घेऊन मीच टॉवरवर चढलो. दोन टेकड्यांच्या मधल्या एका टेकाडावर एक झाड वाढून वाटेत आलं होतं. एक झाड! ते छाटायला माणूस मीच पाठवला होता.

मला सगळं माहीत होतं. तीस-चाळीस किलोमीटर जाणारी ती लहर समोरासमोरच्या मोकळ्या हवेतून जात होती, वाटेत पान चालत नव्हतं म्हणून तर टॉवर डोंगरावर. आणि ती मोठी तबकडी सगळी ताकद एका बारीक झोतात गोळा करून पाठवायची. या घरातल्या डब्याकडे तबकडी नाही. त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली, तीही चारी दिशांना वाटलेली, आणि वाटेत माझ्या जाड भिंती. आयुष्यभर जे केलं तेच मी पहिल्या उत्साहात विसरलो होतो. फक्त अंतर लक्षात राहिलं, मोकळी वाट विसरलो.

मी हे सुनेला सांगितलं. ती हसली नाही, "मी म्हटलं होतं" असंही म्हणाली नाही. म्हणाली, "पण बाबा, याचा अर्थ उलटा पण आहे ना? जी भिंत आपलं आत अडवते, ती शेजाऱ्यांचं बाहेर अडवते. उद्या त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सहा घेतलं तरी ते आपल्या हॉलमध्ये फारसं येणार नाही. आपल्याला अख्खं घर नकोच आहे. एक खोली हवी आहे."

एक खोली. हे वाक्य तिचं आहे. हे मी ठळक लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

राउटर हॉलमध्ये आला. पण केबल मी कापलेली. तेव्हा तिने कॉम्प्युटरच वरून खाली आणला, म्हणजे आम्ही दोघांनी, धापा टाकत, आणि आखूड केबलने राउटरला जोडला. टीव्हीच्या कपाटात ठेवायला गेलो तर ती म्हणाली, "बंद कपाटात नको, डोळ्यांना दिसेल असा ठेवू." गौरीच्या बाजूच्या फळीवर ठेवायला गेलो तर सौ. धावून आली.

"देवीच्या डोक्यावर ते मशीन? अजिबात नाही. आणि खाली माझे डबे आहेत, तुम्हीच मघापासून बोलताय नं, लोखंड चालत नाही म्हणून?"

बरोबर होतं. समोरच्या भिंतीला शोकेसवर, उंचावर जागा मिळाली. तिथून अख्खी खोली दिसत होती.

एक प्रश्न उरला. हेडसेट घातलेल्या माणसाला खरी खोली दिसत नाही. माँजी चालता चालता दारातून जेवणाच्या खोलीत गेल्या आणि भिंतीआड वळल्या, की संपलं. हेडसेटमध्ये सीमेची रेघ आखता येते, पण सून म्हणाली की माँजी मागच्या वेळी त्या रेघेलाच घाबरल्या होत्या.

सौ.ने आरास करता करता मान वर केली. "सतरंजी घाला की. अनवाणीच असतील त्या. पायाला फरशी लागली की थांबायचं."

सतरंजी आली. राउटर जिथवर समोर दिसतो तिथवर ती पसरली.

रविवारी चारला ते आले. माँजी, त्यांचा मुलगा आणि त्यांची सून. माँजी आल्या आल्या गौरीपाशी गेल्या, हात जोडले, सौ.ने हळदकुंकू लावून पन्हं दिलं. "आम का पना! हमारे यहाँ भी बनता है, पर आपके में इलायची ज्यादा है," त्या म्हणाल्या. मग हेडसेटकडे बघून, "ये फिर से?"

"माँजी, जोपर्यंत पायाखाली सतरंजी आहे, मेरा मतलब, दरी है, तब तक चलिए," सून म्हणाली. "ठंडी फर्श लगे तो रुक जाइए. आगे जाना हो तो मैं घर को सरका दूँगी, आपको नहीं जाना पड़ेगा."

"घर सरकेगा? वाह. हमारे यहाँ तो बहू नहीं सरकती." सगळे हसले, त्यांची सूनही.

हेडसेट लागला. माँजींनी आधी हळूच, मग एकदम मान वळवली, जणू त्यांना हेडसेटची चोरी पकडायचीच होती. काही तुटलं नाही. त्या वाकल्या. हात लांब करून हवेतला डबा उचलायला गेल्या. "अरे, ये तो... ये तो सच्ची का है!" पाय सतरंजीवरून पुढे सरकत होते. कडेला आल्या, अंगठा फरशीला लागला, थांबल्या. सुनेने हातातल्या बटणाने घर सरकवलं आणि माँजी देवघरासमोर उभ्या राहिल्या. मी चुकून मध्ये गेलो तर सौ.ने माझा सदरा धरून मागे ओढलं.

"प्लेटफॉर्म ऊँचा है," माँजी एकदम म्हणाल्या. "मेरी बहू को ठीक, मेरे को ऊँचा. और खिड़की से गली दिखनी चाहिए."

सुनेने तिथेच ओटा खाली केला, खिडकी सरकवली. माँजींनी पुन्हा बघितलं. हेडसेट काढला, डोळे चोळले आणि मुलाला म्हणाल्या, "इसी को दे दे. ये सुनती है."

मी टाळीच वाजवली! त्यांचा मुलगा माझ्याकडे वळला. "अंकल जी, ये आपका कमाल है ना? आपके बेटे बता रहे थे फोन पे, आप माइक्रोवेव के आदमी हैं." आणि माझी सून, आनंदाने लाल झालेली, म्हणाली, "हाँ, बाबा ने ही सब किया." तिने प्रेमाने म्हटलं. मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी हसलो.

त्या हसण्याची किंमत मला महिनाभराने कळली. सुनेने मला साइट दाखवायला नेलं. विटकाम पूर्ण झालेलं, दुसऱ्या दिवशी प्लास्टर सुरू होणार होतं. माँजी खुर्चीवर बसलेल्या, त्यांचा मुलगा इलेक्ट्रिशियनशी बोलत उभा. मला पाहून तो पुढे आला.

"अंकल जी, आपका फॉर्मूला लगा रहे हैं! सीढ़ी के बीच में एक बढ़िया राउटर, छह वाला. पूरा घर कवर. मैडम ने हर कमरे में केबल का पाइप बताया था, वो सब कैंसल. फालतू तोड़फोड़ क्यों."

मी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मागून कळलं, दोन दिवस ती त्याच्याशी वाद घालत होती आणि तो दर वेळी म्हणायचा, "बेटा, ससुर जी से ज्यादा जानती हो क्या?" त्याला ती काय उत्तर देणार? सासऱ्याला तिनेच मोठं केलं होतं. उद्या प्लास्टर होणार, चार महिन्यांनी हे लोक राहायला येणार, वरच्या खोल्यांत काही चालणार नाही, आणि तेव्हा बोल कुणाला लागणार? हिलाच. पहिलं मोठं काम तिथेच बुडणार.

"वो मेरा फॉर्मूला नहीं है," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "फॉर्मूला मेरा वो था जो फेल हुआ. मैंने सीढ़ी पे लगाया था, नीचे हॉल में कुछ नहीं पहुँचा. केबल भी मैंने कटवाई. इसने पहले दिन से कहा था, दीवार के पार मत जाओ, एक कमरा पकड़ो. आपने जो देखा, वो इसका किया हुआ था. इतने दिन मैं चुप रहा."

इलेक्ट्रिशियनसुद्धा थांबून बघायला लागला. त्यांचा मुलगा गोंधळला. "तो छह गिगा बेकार है?"

"बेकार कशाला?" सून आता वळली होती. तिचा आवाज मोकळा झाला होता. "जिथे चाहिए वहाँ कमाल है. हॉल में, और आपके बेटे के कमरे में, जहाँ वो गेम खेलता है. पर हर ऐसे कमरे में अपना छोटा डब्बा चाहिए और उस तक तार. तार का पाइप अभी डलेगा, प्लास्टर के बाद नहीं. बाकी कमरों में फोन ही चलाना है तो पाँच वाला काफी है. पुराने फोन में तो छह आता भी नहीं."

"और मेरे पूजाघर में?" माँजींनी विचारलं.

"जैसा आप कहें, माँजी."

"वहाँ कुछ मत लगाना. वहाँ हमारी सीधी लाइन है."

त्यांचा मुलगा जोरात हसला, मग इलेक्ट्रिशियनला म्हणाला, "चल भिया, प्लास्टर वाले को बोल, दो दिन रुके. मैडम जहाँ बोले, झिरी काट." माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. "अंकल जी, आप भी ना."

"हो, मी भी ना," मी म्हणालो. मला लाज वाटत होती, पण छाती हलकी झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या पाइपांची मला विलक्षण उत्सुकता लागली होती. कुठल्या भिंतीतून, किती उंचीवर, कुठे वळण!

सुनेने पिशवीतून खडू काढला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला. "चला बाबा. मी सांगते, तुम्ही खूण करा."

हॉलची ओली वीट हाताला गार लागत होती. ती मागे उभी राहून खोली नजरेने मोजत होती. "इथे नाही, इथे फ्रिज येईल. अजून डावीकडे. अजून. वर. हां, इथून सगळं दिसतं." मी टाचा उंचावून मोठी फुली मारली आणि आम्ही पुढच्या खोलीत गेलो.